बारनिशीतला कारकून आणि त्याचा फोटो

नुकतीच एक छोटी कथा लिहून पूर्ण केली. ती वाचलेल्या काही स्नेह्यांनी शेवटाबद्दल जे आक्षेप घेतले, त्यांना सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

कथेतला कारकून पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात बारनिशीला बसतो. आलेले टपाल घ्यायचे, शिक्का मारायचा, आवक नोंदवहीत क्रमांक आणि तारीख लिहायची, अर्जदाराला पोच द्यायची आणि कागद ज्या शाखेचा असेल तिकडे त्याच दिवशी पाठवायचा, हे त्याचे काम. बुजऱ्या माणसाला हे टेबल मानवते, कारण इथे बोलायची वाक्ये ठरलेली असतात आणि समोरचा माणूस दोन मिनिटांत निघून जातो. दुपारचा डबा तो लेखाशाखेतल्या एका सहकाऱ्याबरोबर खातो, आणि तेवढाच एक माणूस तिथे त्याला आपला वाटतो.

एका संध्याकाळी शिवाजीनगरहून कात्रजकडे जाणाऱ्या बसमध्ये तो कार्यालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडतो आणि त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. डोळे मिटलेले, मान किंचित खाली, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेले, ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’. फोटो कुठला, हे त्याला लगेच कळत नाही. मग खालच्या कोपऱ्यात झेंडूची अर्धी पाकळी दिसते आणि उलगडा होतो. खंडेनवमीला कार्यालयात शिक्क्यांची, नोंदवह्यांची आणि संगणकांची पूजा झाली, तेव्हाचा तो फोटो आहे. त्याने हात जोडले होते, म्हणून डोळे मिटले होते. कापणाऱ्याने हात कापले, पाट कापला, शेजारची माणसे कापली आणि फक्त मिटलेले डोळे ठेवले.

माझ्या मते कथेचा गाभा या कापण्यात आहे. त्याच्या दिसण्याची थट्टा झाली असती तर ती त्याने गिळली असती. इथे त्याच्या कामावर बोट ठेवले आहे आणि तेही खोटे. सरकारी कार्यालयात ज्याला सगळे दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात, त्या 2005 च्या अधिनियमाप्रमाणे कुठलीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका टेबलावर राहता कामा नये. आमच्या कारकुनाच्या टेबलावर कागद एक रात्रसुद्धा राहत नाही. अर्ज विचाराधीन असतो तो पुढच्या टेबलांवर, आणि तिथल्याच कोणीतरी हा फोटो बनवलेला आहे. आयुष्यभर जपलेली एकमेव गोष्ट अशी उलटी करून सर्वांसमोर मांडली गेल्यावर त्या माणसाला काय वाटेल, हे मला लिहायचे होते.

त्यानंतर तो जे करतो, ते त्याच्या जागी असलेला जवळजवळ प्रत्येक जण करील. फोटोखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग असते, तिच्यावर तो बोट ठेवतो आणि नावे उघडतात. कोणी किती वेळा पाहिले, कोणी पाहून गप्प राहिले, हे त्याला समजू शकत नाही, कारण वाचणाऱ्यांची यादी ज्याने संदेश टाकला त्यालाच दिसते. म्हणजे जे हसले ते त्याला दिसतात, आणि जे हसले नाहीत, ज्यांना कदाचित वाईट वाटले असेल, ते अदृश्य राहतात. यादीत कार्यालय अधीक्षकांचे नाव आहे. त्याच्याही खाली डबा वाटून खाणाऱ्या सहकाऱ्याचे आहे.

‘त्याने ग्रुप सोडून का नाही दिला?’ असे एकाने विचारले. मित्रांच्या ग्रुपमधून माणूस निघू शकतो. कार्यालयाच्या ग्रुपवर बैठकीची वेळ येते, निवडणुकीच्या कामाच्या नेमणुका येतात, माहिती तातडीने सादर करण्याचे आदेश येतात. 2022 पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, सर्वांना जात नाही, हे खरे. पण इथे ॲडमिन म्हणजे अधीक्षकच. गुपचूप निघण्याची सोय त्याच्या कामाची नाही.

दुसरा आक्षेप अधिक जणांनी घेतला, की त्याने स्वतःच एक हसरा चेहरा टाकून विषय मिटवायला हवा होता. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ज्याला दुखावले त्यानेच वातावरण हलके करण्याची जबाबदारी घ्यायची, आणि त्याने ती घेतली की बाकीच्यांनी ‘बघा, त्यालाही चालले’ म्हणायचे, हा न्याय नव्हे. शिवाय त्याचे हसू ही पुढच्या फोटोला दिलेली परवानगी ठरते.

कथेत दुसऱ्या दिवशी आस्थापना शाखेतली एक तरुण लिपिक त्याच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणते, “काका, मी त्यांना तो फोटो काढून टाकायला सांगू का?” तिने आधी विचारले, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण न विचारता कैवार घेतला असता तर तो पुन्हा एकदा चर्चेचा विषय झाला असता. तो म्हणतो, “नको, मीच बघतो.” आणि मग तो फोटो टाकणाऱ्याला वैयक्तिक संदेश पाठवतो, त्याला येते त्याच भाषेत: ‘सदर फोटो ग्रुपवरून काढून टाकावा, ही विनंती.’ समोरचा माणूस ‘सॉरी काका, गंमत होती’ असे लिहून फोटो सर्वांसाठी डिलीट करतो. टाकल्यापासून सुमारे अडीच दिवसांपर्यंत तसे करता येते, त्यामुळे मुदत उलटलेली नसते.

पण तोपर्यंत कोणीतरी त्याचा स्टिकर बनवलेला असतो. फोटोतून चेहरा कातरून स्टिकर करणे आता व्हॉट्सॲपमध्येच होते, आणि एकदा तो दुसऱ्याच्या आवडत्या स्टिकरांत जाऊन बसला की मूळ फोटो पुसल्याने तो पुसला जात नाही. पुढे एक जण ग्रुपवर आपल्या रजेच्या अर्जाची चौकशी करतो आणि उत्तरादाखल तेच मिटलेले डोळे येतात. कथा मी तिथेच संपवली आहे. त्याने कोणाची फजिती करावी, भर बैठकीत बोलावे, असा शेवट अनेकांना हवा होता. असा माणूस तसे करत नाही, आणि वाचकाला समाधान मिळावे म्हणून त्याचा स्वभाव बदलणे मला मान्य नाही.

माझा राग अधीक्षकांवर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ग्रुपच्या ॲडमिनला गुन्हेगारी दृष्ट्या जबाबदार धरता येत नाही. तो निर्णय योग्यच आहे. परंतु 2022 पासून ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो, आणि तिथे ॲडमिनने तो काढल्याची ओळ सगळ्यांना दिसते. अधीक्षकांनी त्या संध्याकाळी हसण्याऐवजी एवढेच केले असते तर कारकुनाला विनंतीचा संदेश लिहावा लागला नसता, डबा वाटून खाणाऱ्याला आपला हसरा चेहरा मागे घ्यावासा वाटला असता, आणि स्टिकर बनवणाऱ्याने तो ग्रुपवर टाकण्यापूर्वी विचार केला असता. पुण्यातल्या कार्यालयांत असे ग्रुप चालवणारे माझे अनेक परिचित ही पोस्ट वाचतील. त्यांच्या ग्रुपवर असा फोटो आला, तर त्यांनी तो त्याच संध्याकाळी स्वतः काढावा आणि टाकणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावे, एवढे माझे मागणे आहे.