ताई, नाक तेच आहे, अंतर बदललंय

खानापूरच्या एका वाचक ताईंची प्रतिक्रिया: «तुम्ही लिहिलंत की आरशात आपण उलटे दिसतो, त्या चेहऱ्याची सवय होते आणि म्हणून फोटो आवडत नाही. मी माझा सेल्फी फोनमध्येच उलटा करून बघितला. तरी नाक मोठंच आणि तोंड लांबटच! मग तुमचं ते उलटसुलट कुठं गेलं? कॅमेरा खरं दाखवतो आणि आरसा गोड खोटं बोलतो, एवढं सरळ का लिहीत नाही?»

ताई, तुम्ही नुसती शंका घेतली नाही, प्रयोग करून बघितलात. तुमच्या प्रयोगाने माझ्या लेखातली चूकही दाखवली. उलटसुलट आणि अंतर अशी दोन वेगळी कारणं मी एकाच वाक्यात बसवली होती. फोटो उलटा केल्यावर त्यातलं एकच कारण निघून जातं. दुसरं जसंच्या तसं राहतं, आणि तुमच्या फोटोत जोर त्या दुसऱ्याचाच दिसतोय.

पण आधी एक खात्री करून घ्या. सेल्फी काढताना बहुतेक फोन पडद्यावर आपल्याला आरशासारखंच दाखवतात. फोटो जतन करताना मात्र काही फोन तो सुलटा करतात, तर काही दिसला तसाच ठेवतात. ही सेटिंग आयफोनवर Mirror Front Camera या नावाने असते, सॅमसंगवर Save selfies as previewed या नावाने. तुमच्या फोनमध्ये ती चालू असेल, तर जतन झालेला फोटो आधीच आरशातला होता आणि तुम्ही तो उलटा करून खरा केलात, म्हणजे प्रयोग नेमका विरुद्ध झाला. हे ओळखायला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून एक सेल्फी घ्या. कन्नड असो की मराठी, अक्षरं नीट वाचता आली तर तो फोटो जगाला दिसणारा आहे. अक्षरं उलटी आली तर तो आरशातला आहे.

आता उलटसुलटाने नेमकं काय बदलतं ते सांगतो, कारण ते लहान नाही. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात आणि पदर डाव्या खांद्यावर घेतात. आरशात तुम्हाला नथ तुमच्या डाव्या हाताच्या बाजूला दिसते, फोटोत ती बघणाऱ्याच्या उजवीकडे जाते. नथ उघड कळते. भांग, एक भुवई किंचित वर असणं, हसताना एका बाजूला जास्त जाणारे ओठ, हे मात्र चटकन कळत नाही. कुणाचाच चेहरा दोन्हीकडे अगदी सारखा नसतो. भांग मधोमध नसून अर्धा सेंटिमीटर एका बाजूला असेल, तर फोटोत तो दुसऱ्या बाजूला अर्धा सेंटिमीटर जातो. तुमच्या मनातल्या चेहऱ्यापासून तो तब्बल एक सेंटिमीटर सरकलेला असतो. चेहऱ्यातला प्रत्येक लहान वाकडेपणा असा दुप्पट होऊन समोर येतो, आणि बोट ठेवता येत नाही तरी काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी केंद्रातल्या मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी 1977 साली हे तपासलं होतं. विद्यार्थिनींच्या फोटोच्या दोन प्रती काढल्या, एक सुलटी आणि एक उलटी. त्या स्वतः उलट्या प्रतीकडे झुकल्या आणि त्यांच्या मैत्रिणी सुलट्या प्रतीकडे. सगळ्या जणी नव्हे, पण कल तसाच होता. ज्या रूपाची डोळ्यांना सवय झाली, तेच रूप बरं वाटलं. त्या दोन प्रतींत नाक मात्र तेवढंच होतं. म्हणून फोटो उलटा करून नाक लहान होणारच नाही, आणि तुमचंही झालं नाही.

नाक मोठं होतं ते अंतरामुळे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत मागे साधारण 12 सेंटिमीटर खोली धरा. हात दुमडून फोन चेहऱ्यापासून 30 सेंटिमीटरवर आणलात, तर कॅमेऱ्यापासून नाक 30 वर आणि कान 42 वर. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून कानांच्या तुलनेत नाक 1.4 पट मोठं उमटतं. गाल आणि कान मागे पडतात, कान तर गालाआड जाऊ लागतात, आणि चेहरा निमुळता, लांबट होतो. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीतून येतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाशी संबंधित डॉक्टरांनी 2018 साली हाच हिशोब गणिती नमुन्याने मांडला. 12 इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी पुरुषांत सुमारे 30 टक्के आणि स्त्रियांत 29 टक्के वाढलेली दिसते, आणि 5 फुटांवरून हा फरक जवळजवळ राहत नाही.

मग आरशात नाक मोठं का दिसत नाही? तिथेही आपण जवळच असतो की! हा माझा आवडता भाग आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आरशापासून तुम्ही 40 सेंटिमीटरवर उभ्या असाल, तर तुमची प्रतिमा आरशाच्या मागे तेवढीच, आणखी 40 सेंटिमीटर आत असते. म्हणजे तुम्ही स्वतःकडे 80 सेंटिमीटरवरून बघता. नाक 80 वर, कान 92 वर, आणि प्रमाण उतरतं 1.15 वर. आरसा दरवेळी अंतर दुप्पट करून देतो. विश्वास बसत नसेल तर न्हाणीघरातल्या आरशासमोर एक डोळा मिटा आणि ओल्या साबणाने काचेवर आपल्या चेहऱ्याची कड काढा. मग पट्टीने मोजा. कड खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते. मागे-पुढे सरकून परत काढलीत तरी निम्मीच, कारण काच नेहमी डोळा आणि प्रतिमा यांच्या मधोमध असते.

बेळगावात शहापूरच्या आमच्या गल्लीत माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे, आणि तुमची तक्रार मी समोरासमोर बरेचदा ऐकली आहे. गेल्या लग्नसराईत वडगावची एक मुलगी आत्याबरोबर आली. शालू नेसून घरी सेल्फी काढले होते, फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "काका, हे मी न्हवंच की!" मी तिला बसवलं आणि एकाच जागी, एकाच उजेडात चार चित्रं केली. एक फोटो तिच्याच फोनने 30 सेंटिमीटरवरून आणि त्याची उलटी प्रत. दुसरा दीड मीटरवरून, आणि त्याचीही उलटी प्रत. दुरून काढलेला कापून चेहरा पहिल्याएवढाच केला, नाहीतर तुलना होत नाही. दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. जवळची दोन्ही दोघींनीही बाजूला ठेवली. दुरून काढलेल्यांपैकी मुलीने उलटी प्रत उचलली. आत्यांनी सुलटी उचलली आणि म्हणाल्या, "ही आमची पोरगी." मुलीला ज्या प्रतीत नथ चुकीच्या बाजूला वाटत होती, तीच आत्यांना बरोबर वाटली.

ही चार चित्रं तुम्हीही घरी करा. जवळच्या दोन्हींत नाक खुपलं आणि दूरच्या दोन्हींत नाही, तर कारण अंतराचं. दूरच्या दोन्हींत नाक ठीक आहे पण सुलटीत काहीतरी वाकडं वाटतं आणि उलटीत नाही, तर ते उलटसुलटाचं. दोन्ही असू शकतं. आणि चारही नावडली, तर ही दोन कारणं सोडून उजेडाकडे बघा. डोक्यावरच्या बल्बचा उजेड डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावली पाडतो. आरशासमोर आपण मान वळवून त्यातून सुटतो. फोटो मात्र एका क्षणाला गोठतो, पापणी अर्धी मिटलेली असली तरी.

रुंद लेन्समुळे नाक मोठं दिसतं, असंही मी सैल लिहिलं होतं. रुंद लेन्स नाक मोठं करत नाही. ती फक्त जास्त जागा टिपते, आणि चेहरा चौकटीत भरावा म्हणून आपण जवळ जातो. एकाच जागी उभं राहून साध्या कॅमेऱ्याने आणि झूम करून असे दोन फोटो काढा, पहिला कापून चेहरा दुसऱ्याएवढा करा. नाक-कानांचं प्रमाण सारखंच येईल. लेन्सची स्वतःची ओढाताण दिसते ती कडेला. फोनच्या नेहमीच्या मागच्या कॅमेऱ्याने लग्नाचा ग्रुप फोटो काढला, की अगदी टोकाला उभ्या असलेल्याचं डोकं आडवं पाचव्या हिश्शाने जास्त रुंद होऊ शकतं. 0.5 च्या बटणावर तर त्याहून बरंच जास्त. काही फोन हे आपोआप दुरुस्त करतात, सगळे नाही. चेहऱ्याच्या फोटोत माणूस मधोमध असेल, तर याची काळजी नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कॅमेरा खोटं दाखवत नाही हे मान्य. 30 सेंटिमीटरवर कुणी डोळा ठेवला, तर त्यालाही तुमचा चेहरा असाच दिसेल. पण तेवढ्या जवळून तुम्हाला कोण बघतं? कडेवरचं बाळ. शाळेतली मुलं, गल्लीतल्या वहिनी, एसटीत शेजारच्या बाकावरची बाई, सगळे त्याहून लांबून बघतात, बहुतेक वेळा एक-दीड मीटरवरून तरी. त्या लोकांना दिसणारा चेहरा हवा असेल, तर तो सेल्फीत नाही आणि आरशातही नाही. आरशातलं प्रमाण बरंच जवळचं, पण बाजू उलटी. दीड-दोन मीटरवरून, 2x झूम लावून, दुसऱ्या कुणी काढलेला सुलटा फोटो त्याच्या सर्वांत जवळ जातो. मात्र पहिल्या दिवशी तो तुम्हाला आवडेलच असं मी म्हणणार नाही, कारण सवय अजून उलट्या चेहऱ्याची आहे.

मूळ लेखातला तो परिच्छेद आज दोन भागांत तोडून पुन्हा लिहितोय. तुम्ही एक करा. नेहमी जसा फोन धरता तसाच धरा आणि शिवणकामाच्या टेपने नाकाच्या शेंड्यापासून लेन्सपर्यंत कुणाकडून तरी मोजून घ्या. आकडा इथेच लिहा, तुमच्या फोटोचा हिशोब आपण मिळून करू.