अनरीड केलं म्हणून निळी टिक जात नाही, आणि @silent सगळीकडे चालत नाही

“मेसेज वाचून झाला की चॅट लगेच अनरीड करा, निळ्या टिक परत करड्या होतात. आणि रात्री मेसेजच्या आधी @silent लिहा. व्हॉट्सअ‍ॅप असो की टेलिग्राम, समोरच्याचा फोन वाजत नाही, सकाळपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही.”

आधी टिकचं बघू. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही चॅट उघडता त्याच क्षणी तुमच्या फोनवरून पाठवणाऱ्याकडे ‘वाचलं’ अशी पोच जाते. अनरीडची खूण मात्र फक्त तुमच्या यादीत लागते आणि पाठवणाऱ्याकडे काहीच जात नाही. गेलेली पोच मागे घेण्याची सोयच त्यात नाही.

दोन फोन घेऊन हे पाच मिनिटांत तपासता येतं. समजा, ९:१० ला आलेला मेसेज तुम्ही ९:१२ ला उघडला आणि ९:१३ ला चॅट अनरीड केलं (अँड्रॉइडवर चॅट दाबून धरा, वरचे तीन ठिपके, मग Mark as unread, आयफोनवर चॅट उजवीकडे सरकवा, Unread). आता पाठवणाऱ्याच्या फोनवर तोच मेसेज दाबून धरून Info उघडा. Read समोर ९:१२ ची वेळ दिसेल आणि टिक निळ्याच असतील. तुमच्या यादीत मात्र त्या चॅटसमोर आकडा नसलेला नुसता ठिपका आलेला असेल. चॅट पुन्हा उघडलं की तोही जातो.

टिक निळी होऊ द्यायची नसेल तर जे काही करायचं ते वाचण्याआधीच करावं लागतं. Settings मध्ये Privacy, तिथे Read receipts बंद करा. बदल्यात इतरांनी तुमचे मेसेज वाचले की नाही हेही तुम्हाला दिसणार नाही. शिवाय ग्रुपमध्ये आणि व्हॉइस मेसेज ऐकल्यावर पोच जातेच, ती या बटणाने थांबत नाही. विमान मोड लावून वाचण्याची युक्तीही टिकत नाही: नेट सुरू झालं की अडकलेली पोच निघते.

म्हणून अनरीड निरुपयोगी आहे असं नाही. ते लपण्यासाठी नाही, ‘याला उत्तर द्यायचं राहिलंय’ हे स्वतःला आठवण्यासाठी आहे, आणि त्या कामाला उत्तम आहे. २०२४ मध्ये चॅटच्या यादीवर Unread हा फिल्टर आला. हाताने अनरीड केलेली चॅटही त्यात येतात, त्यामुळे संध्याकाळी तेवढीच यादी उघडून उत्तरं देता येतात.

आता @silent. ही खूण खरी आहे, पण ती इन्स्टाग्राम आणि डिस्कॉर्डची. व्हॉट्सअ‍ॅपवर ती अक्षरं जशीच्या तशी मेसेजसोबत जातात आणि फोन नेहमीसारखा वाजतो. टेलिग्रामवर तर ते एखाद्याचं युजरनेम असल्यासारखं निळं दिसतं.

टेलिग्रामवर आवाजाविना पाठवायची सोय ऑगस्ट २०१९ पासून आहे, ती पाठवण्याच्या बटणात. आधी मजकूर लिहा, कारण रकाना रिकामा असेल तर तिथे माइक असतो आणि तो दाबून धरला की रेकॉर्डिंग सुरू होतं. मजकूर लिहिल्यावर बाण येतो. तो दाबून धरा आणि Send without sound निवडा. संगणकावर त्याच बाणावर उजवं क्लिक करा.

इथे नेहमी होणारी चूक एकच. ही सूचना त्या एका मेसेजपुरती असते. रात्री ११:४० ला सहकाऱ्याला फाइल आवाजाविना पाठवली आणि मागोमाग ‘उद्या बघितलं तरी चालेल’ हे साधं बाण दाबून पाठवलं, तर दुसऱ्या मेसेजला फोन वाजणार आणि पहिल्याची सगळी काळजी वाया जाणार. दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये लिहा: फाइल जोडा, ओळ तिच्या खालीच टाका, मग बाण दाबून धरा.

राहिला ‘सकाळपर्यंत पत्ता लागत नाही’ हा भाग. आवाजाविना पाठवलेला मेसेजही त्याच क्षणी पोचतो आणि नोटिफिकेशनही येतं. बंद असतो तो फक्त आवाज. सहकारी ११:४० ला फोन हातात घेऊन बसला असेल तर त्याला तो दिसणारच, आणि झोपेआधी कामाचा विषय डोक्यात शिरणारच. मेसेज खरंच सकाळी जायला हवा असेल तर बाण दाबून धरल्यावर त्याच यादीतलं Schedule Message निवडा आणि ९:३० ची वेळ द्या. तोवर मेसेज टेलिग्रामच्या सर्व्हरवर थांबतो, त्यामुळे सकाळी तुमचा फोन बंद असला तरी वेळेवर जातो.