रेशो जमला म्हणजे ट्रान्सफॉर्मर जमला, असं नाहीये

"ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं म्हणजे फक्त रेशो सांभाळणं. व्होल्टला एक टर्न धरा, २३० ला २३० टर्न, १२ ला १२ टर्न, कोअर हाताशी असेल तो चालतो. जास्त अँपिअर हवे असतील तर सेकंडरीची वायर जाड घ्या, आणि मीटरवर १२ दिसले की ट्रान्सफॉर्मर तयार."

वरचा सल्ला वाचून मला खरंच काळजी वाटते, कारण कोणी हे जसंच्या तसं करून २३० व्होल्टला जोडलं तर पहिल्याच क्षणी फ्यूज जाईल, आणि फ्यूज बरोबर नसेल तर वायर जळेल. म्हणून एकेक गोष्ट धरून सांगतो, उदाहरण मात्र शेवटपर्यंत एकच ठेवतो: २३० व्होल्ट ५० हर्ट्झवरून १२ व्होल्ट, २ अँपिअर.

आधी टर्नचं बघू. वेढ्यांच्या रेशोने दोन बाजूंच्या व्होल्टेजचं प्रमाण ठरतं हे मान्य, पण एका वेढ्यावर किती व्होल्ट पडू द्यायचे हे लोखंड ठरवतं. प्राइमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूच्या वाइंडिंगला, एसी दिला की कोअरमध्ये फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, वरखाली होतो, त्याने प्रत्येक वेढ्यात थोडं थोडं व्होल्टेज तयार होतं, आणि त्या सगळ्यांची बेरीज जवळपास मेन्सएवढी होते म्हणून तर करंट आटोक्यात राहतो. वेढे कमी केले की तीच बेरीज गाठायला फ्लक्स जास्त लागतो, आणि लोखंड एका मर्यादेपुढे फ्लक्स घेतच नाही. साध्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांना मी १.२ टेस्ला धरतो, १.८ ते २ च्या आसपास ते पूर्ण भरतं, आणि तिथून पुढे करंटला अडवायला फक्त तांब्याचा रेझिस्टन्स उरतो.

```
E = 4.44 × f × B × A × N
```

यात `E` व्होल्ट, `f` हर्ट्झ, `B` फ्लक्सची घनता टेस्लामध्ये, `A` कोअरचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि `N` वेढे.

आता `A` कुठून आणायचा, तर इथे कोअरचा प्रश्न येतो. आपल्याला बाहेर १२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, म्हणजे २४ व्हीए हवेत, लॉस धरून आत ३० व्हीए जातील असं समजू. ५० हर्ट्झच्या ई आणि आय आकाराच्या पत्र्यांच्या नेहमीच्या कोअरसाठी जुना अंदाज असा की व्हीएच्या वर्गमुळाला साधारण १.१५ ने गुणलं की मधल्या पायाचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये मिळतं. ३० चं वर्गमूळ साडेपाच, म्हणजे ६.३ चौरस सेमी लागेल. हा अंदाजच आहे, नियम नाही, पण सुरुवात करायला पुरतो. मधला पाय २५ मिमी रुंद आणि थर २८ मिमी जाड घेतला तर ७ चौरस सेमी होतात, पण पत्र्यांवरचा इन्सुलेशनचा लेप आणि मधल्या फटी वजा करायला हव्यात, म्हणून ०.९३ ने गुणायचं, खरं लोखंड साडेसहा.

आकडे घातले की एका वेढ्याला ०.१७३ व्होल्ट येतात, म्हणजे व्होल्टला ५.७७ वेढे, म्हणजे प्राइमरीला १३२८ वेढे. याच कोअरवर २३० वेढे घातले तर सूत्र ६.९ टेस्ला मागतं, आणि तेवढं द्यायला लोखंड तयार नाही. व्होल्टला एक वेढा खरोखर चालवायचा असेल तर साडेसदतीस चौरस सेमीचा कोअर लागेल, म्हणजे मधला पायच सहा सेंटीमीटरहून जास्त रुंद आणि तेवढाच जाड, तोही फक्त २४ व्हीएसाठी!

थराची जाडी मोजताना एक चूक मी स्वतः केलीय ती सांगतो. पत्र्या सैल ठेवून मोजल्या, ३३ मिमी भरल्या, त्यावर हिशोब करून वेढे कमी काढले. नंतर बोल्ट आवळले तेव्हा थर २८ वर आला. म्हणजे धरले होते १.२ टेस्ला आणि प्रत्यक्षात चालले होते १.४, मेन्स २५० ला गेलं की दीडच्या वर. सेकंडरीला काहीही जोडलेलं नसताना तो गुणगुणायचा आणि अर्ध्या तासात हात ठेववत नव्हता. रेशो मात्र अगदी बरोबर होता! म्हणून पत्र्या पकडीत दाबूनच मोजा, आणि भरताना ई एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने अशा आलटून पालटून घाला, सगळ्या एकाच बाजूने घातल्या तर जोडावर फट राहते आणि नो-लोड करंट उगाच वाढतो.

जाड वायरचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे म्हणून त्यावर जरा थांबतो. वायर मी चौरस मिलिमीटरला अडीच अँपिअर धरून निवडतो. प्राइमरीत ३० भागिले २३० म्हणजे ०.१३ अँपिअर, त्याला ३२ एसडब्ल्यूजी गेज, सेकंडरीच्या २ अँपिअरला १९ गेज. या कोअरची खिडकी, म्हणजे पायांमधली वेढ्यांची जागा, साडेबारा मिमी खोल असते. बॉबिनची भिंत दीड मिमी, प्राइमरीचे तेरा थर कागदासकट पावणेपाच, मधलं इन्सुलेशन अर्धा, सेकंडरीचे तीन थर साडेतीनच्या आसपास. बेरीज सव्वादहा, आणि हाताने गुंडाळलेलं थोडं फुगतंच, त्यामुळे उरलेले दोन मिमी त्यातच जातात. आता ४ अँपिअर हवेत म्हणून सेकंडरीला १६ गेज घेतली तर तिचेच सात मिमी होतात आणि पत्र्या आत जातच नाहीत. समजा कशीबशी बसवली, तरी सेकंडरीतून दुप्पट करंट काढला की प्राइमरीतही जवळपास दुप्पट जाणार, तिची वायर तीच ३२ गेज, तिची उष्णता चौपट, आणि ती सगळ्यात आतल्या बाजूला असल्याने तिथली उष्णता बाहेर पडायलाही वाट नाही. जास्त अँपिअर हवे तर मोठा कोअर घ्या, त्यावर वेढे कमी लागतात आणि दोन्ही वायरी जाड बसतात.

आता मीटरवरच्या १२ बद्दल, माझ्या मते सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. लोड नसताना सेकंडरीत करंट नसतो, म्हणून तांब्यात ड्रॉपही नसतो, आणि मीटर फक्त रेशो दाखवतं. आपल्या प्राइमरीत एका वेढ्याची सरासरी लांबी १३४ मिमी, गुणिले १३२८, म्हणजे १७८ मीटर बारीक तार, रेझिस्टन्स ५२ ओहम. रेशोने बरोबर १२ यावेत म्हणून सेकंडरीला ६९ वेढे दिले तर तिचे पाव ओहमपेक्षा थोडे कमी. प्राइमरीचे ५२ ओहम सेकंडरीकडून बघायचे तर रेशोच्या वर्गाने भागायचे, इथे रेशो १९.२ म्हणून ०.१४ ओहम. दोन्ही मिळून ०.३८ होतात. दोन अँपिअरला पाऊण व्होल्ट गेला, आणि तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो त्यामुळे नंतर ०.९. म्हणजे मीटरवर १२ दाखवणारा ट्रान्सफॉर्मर कामाला लावल्यावर ११ देतो.

म्हणून सेकंडरीला दहा टक्के जास्त, ७६ वेढे. लोड नसताना १३.२ व्होल्ट दिसतील आणि ते बघून लगेच वेढे सोडू नका. थंड असताना लोडवर १२.३, गरम झाल्यावर १२.१ यायला हवेत. रेग्युलेशन, म्हणजे लोडवर व्होल्टेज किती टक्के पडतं ते, काढायचं तर लोड नसतानाच्या आणि लोडवरच्या व्होल्टेजमधला फरक भागिले लोडवरचं व्होल्टेज, इथे गरम असताना नऊ टक्क्यांच्या आसपास. इतक्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला हे ठीक आहे.

तपासताना पहिल्यांदा थेट मेन्सला लावू नका, प्राइमरीच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा फिलामेंट बल्ब ठेवा. सेकंडरी मोकळी असताना बल्ब काळाच राहायला हवा. उजळला तर वेढे कमी पडलेत किंवा एखादा वेढा आतल्या आत शॉर्ट झालाय. सेकंडरीचा एकच वेढा शॉर्ट असला तरी त्यात फक्त ०.१७ व्होल्ट असतात पण त्याचा रेझिस्टन्स साडेतीन मिलीओहम, म्हणजे पन्नास अँपिअरच्या आसपास फिरतात आणि आठ-नऊ वॅट एका जागी जळतात. रेशोवर मात्र त्याचा परिणाम मीटरला कळेल एवढा होत नाही, म्हणून नुसतं मीटर बघून हा दोष सापडत नाही.

बल्ब काढला की फ्यूज ठेवून लोड द्या, ६ ओहमचा ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, कारण २४ वॅट सतत जाणार आहेत आणि २५ वॅटवाला भाजून निघतो. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे मेन्स स्वतः स्थिर नसतो. लोड नसताना २३६ होता आणि लोड लावताना २२८ झाला, तर सेकंडरी त्यानेच पाव ते अर्धा व्होल्ट खाली येईल आणि दोष तुमच्या वाइंडिंगवर जाईल. त्यामुळे दोन्ही वेळी प्राइमरीचं व्होल्टेजही लिहून ठेवा आणि आकडे २३० वर आणून मगच तुलना करा.

हे रीडिंग एसीचं, रेझिस्टरवरचं आहे. पुढे डीसी करायला ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर लावणार असाल तर वाइंडिंगमधला आरएमएस करंट डीसी करंटच्या दीडपट ते पावणेदोनपट होतो, कारण कपॅसिटर छोट्या छोट्या उंच झटक्यांत भरतो. तेव्हा २ अँपिअरचा हा ट्रान्सफॉर्मर डीसीला सव्वा अँपिअरच्या आतच वापरा.

लोड दोन तास तसाच चालू द्या. मग मेन्सचा प्लग काढून लगेच प्राइमरीचा रेझिस्टन्स मोजा, थंड असतानाचा आधी लिहून ठेवलेला असेलच. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ५२ चे ६२ झाले असतील तर आतली तार खोलीपेक्षा जवळपास ५० अंशांनी गरम आहे, नेहमीच्या एनॅमलला तेवढं चालतं. ७० झाले असतील तर फरक ८८ अंशांचा, आणि तो ट्रान्सफॉर्मर सोडून पुढच्या मोठ्या कोअरवर परत गुंडाळायला घ्या.