एक टक्का खर्च: सांगलीच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधला वर्षाचा एक टक्का जादा खर्च शेवटी फार महाग पडतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर सांगलीच्या एका वाचकाने कळवलं:

"एक टक्क्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यवहारात आयुष्य गेलं, कमिशन कुठे नसतं? आणि माझ्याकडून फंडवाल्यांनी आजवर एक रुपया मागितलेला नाही. उगाच लोकांना घाबरवू नका."

काका, मागत नाहीत हे खरं, कारण त्यांना मागावंच लागत नाही. एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्याचा खर्च, वर्षाच्या टक्केवारीत सांगतात, पण त्याचा रोजचा हिस्सा फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि मगच त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर होते. म्हणून स्टेटमेंटवर व्यवहारांच्या यादीत या कपातीची वेगळी ओळ तुम्हाला दिसत नाही.

हळदीच्या सौद्यात कमिशन एकदा दिलं की विषय संपतो. इथे टक्का नफ्यावर नाही, साठलेल्या सगळ्या रकमेवर लागतो, तोही दरवर्षी. बाजार पडला त्या वर्षीसुद्धा.

हिशोबच मांडतो. ५ लाख रुपये २० वर्षांसाठी एकाच योजनेत ठेवले आणि खर्चाआधीची वाढ वर्षाला १२ टक्के धरली. ती काही हमी नाही, हिशोबापुरता आकडा आहे. थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च ०.७५ टक्के, वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलरचा १.७५ टक्के समजा. डायरेक्टमध्ये सुमारे ४२ लाख १७ हजार होतात, रेग्युलरमध्ये ३५ लाख २० हजार. फरक जवळपास ७ लाखांचा, म्हणजे तुमच्या मूळ मुद्दलापेक्षाही जास्त.

या ७ लाखांपैकी जादा खर्च म्हणून प्रत्यक्ष कापले गेले फक्त ३ लाख १० हजारांच्या आसपास. उरलेले पावणेचार लाखांहून जास्त कुणाच्याच खिशात गेले नाहीत. कापलेला पैसा फंडात राहिला असता तर त्यावर जी वाढ झाली असती, ती ही रक्कम. पहिल्या वर्षी हा एक टक्का पाच हजारांचा असतो, विसाव्या वर्षी एकट्या त्या वर्षाचा ३३ हजारांच्या घरात जातो. सुरुवातीला तो जाणवत नाही, म्हणूनच मी एवढ्या पोटतिडकीने लिहितो.

दोन्ही प्लॅनमध्ये शेअर तेच, फंड मॅनेजर तोच. रेग्युलरमधला जादा खर्च मुख्यतः वितरकाच्या कमिशनचा. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा तुमच्या वितरकाने तुम्हाला घाबरून विकण्यापासून थांबवलं असेल, तर माझ्या मते त्याने ते कमिशन कमावलं. फक्त सही घेण्यापुरताच येत असेल, तर ही किंमत फार झाली.

स्टेटमेंटवर योजनेच्या नावापुढे रेग्युलर लिहिलंय की डायरेक्ट ते बघा, मग फंड कंपनीच्या वेबसाइटवर दोन्हींचा खर्च ताडून पाहा. पण सगळं एकदम हलवू नका. प्लॅन बदलणं म्हणजे कायद्याने जुनी युनिट्स विकणंच, त्यावर कर लागू शकतो आणि अलीकडेच भरलेल्या हप्त्यांवर एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याचं शुल्कही. आधी पुढचे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करा, जुन्या युनिट्सचं काय करायचं ते कराचा हिशोब करून ठरवा.