‘पाणी उकळून प्या’ ही ओळ कुठे गेली? एका प्रतिक्रियेला उत्तर

*"चाळीस ओळींचा मेसेज सहा ओळींत बसवायचा म्हणजे माहिती गाळायचीच. हा अधिकार कमिटीला कुणी दिला? तुमच्या नमुन्यात ‘पाणी उकळून प्या’ हेच गायब आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे ज्येष्ठ नागरिक आहेत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी तर आलेला मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर टाकतो, ज्याला वाचायचं तो वाचेल."*
*– भांडुपमधला एक कमिटी मेंबर*

नमस्कार. सोसायटीच्या ग्रुपवर येणारे लांबलचक फॉरवर्ड जसेच्या तसे न टाकता कमिटीने सहा ओळींची सूचना करून टाकावी, असं मी मागे पाणीकपातीचा एक नमुना देऊन लिहिलं होतं. वरची प्रतिक्रिया त्यावरची. उकळण्याच्या ओळीबद्दल तुम्ही बरोबर आहात. ती नमुन्यात नव्हती आणि ती चूक माझी. पण ती ओळ कुठे आणि कोणत्या दिवशी टाकायची, याचा विचार करायला गेलं की ‘जसाच्या तसा’ टाकण्यातली खरी अडचण दिसते. म्हणून पाणीकपातीचंच उदाहरण पुन्हा घेतो, या वेळी पूर्ण.

समजा, सोमवारी दुपारी असा फॉरवर्ड आला:

"महत्त्वाची सूचना!! सर्व मुंबईकरांनो लक्ष द्या!! उद्यापासून भांडुप, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला येथे २४ तास पाणी बंद!! जलवाहिनी जोडणीचे काम मंगळवार ४ मार्च सकाळी १० ते बुधवार ५ मार्च सकाळी १०. आजच भरपूर पाणी भरून ठेवा. पुढील ४ ते ५ दिवस पाणी उकळून, गाळून प्या. आपल्या सर्व ग्रुपमध्ये पाठवा, कुणाची गैरसोय होऊ नये…"

याच्याखाली वॉर्डांची आणि गल्ल्यांची लांबलचक यादी असते, आणि ती बहुधा मध्येच तुटलेली असते.

आधी हा मेसेज या वर्षीचा आहे का, ते पाहायचं. ‘उद्या’ हा शब्द फॉरवर्डमध्ये काहीच सांगत नाही, कारण तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा उद्या असतो. वर्ष तर कुणी लिहीतच नाही. मात्र वार आणि तारीख एकत्र असली की वर्ष सापडतं. ४ मार्चला मंगळवार होता तो २०२५ मध्ये. २०२४ मध्ये त्या तारखेला सोमवार होता आणि २०२६ मध्ये बुधवार. कॅलेंडर उघडून वार जुळला नाही तर मेसेज जुना आहे, किंवा कुणीतरी तारीख बदलून पुन्हा सोडला आहे. मेसेजच्या डोक्यावर दोन बाणांची खूण असेल तर तो किमान पाच वेळा पुढे ढकलला गेलेला आहे, म्हणजे तुम्हाला पाठवणाऱ्याला विचारून उपयोग नाही. महापालिकेचं मूळ प्रसिद्धिपत्रक तिच्या संकेतस्थळावर किंवा @mybmc या खात्यावर बघा, नाहीतर १९१६ ला फोन लावा.

मूळ पत्रक मिळालं की त्यात एक गोष्ट आवर्जून शोधा, जी फॉरवर्डमध्ये हमखास गळते. महापालिकेच्या अशा पत्रकात प्रत्येक भागासमोर कंसात ‘नियमित पाणीपुरवठ्याची वेळ’ दिलेली असते, आणि त्या भागात पाणी ‘बंद राहील’ की ‘कमी दाबाने येईल’ हेही वेगवेगळं लिहिलेलं असतं. फॉरवर्ड करणाऱ्याला हे कंस कचरा वाटतात. माहिती गाळण्याबद्दल तुमचा राग आहे ना? ती कमिटीच्या हातात मेसेज यायच्या आधीच गाळून झालेली असते.

हा कंस महत्त्वाचा का? मुंबईत बहुतेक भागांत नळाला चोवीस तास पाणी नसतं. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली. तुमच्या बिल्डिंगला रोज पहाटे ५.३० ते ७.३० पाणी येतं असं धरू. काम मंगळवारी सकाळी १० ला सुरू होतं, म्हणजे मंगळवारचं पाणी नेहमीसारखं येऊन गेलेलं असेल. बुधवारी पहाटे मात्र काम चालू असेल, पाणी येणार नाही. १० वाजता काम संपलं तरी तुमची वेळ निघून गेलेली. पुढचं पाणी थेट गुरुवारी पहाटे, तेही रिकाम्या झालेल्या जलवाहिन्या आणि जलाशय भरत असल्यामुळे कमी दाबाने.

म्हणजे फॉरवर्ड म्हणतो ‘२४ तास’, आणि तुमच्या टाकीला काढायचे आहेत मंगळवारी सकाळी ७.३० पासून गुरुवारी पहाटे ५.३० पर्यंत ४६ तास. शेजारच्या भागाची वेळ संध्याकाळची असेल तर त्यांचं फक्त मंगळवार संध्याकाळचं पाणी जाईल. एकच मेसेज, दोन बिल्डिंगींना दोन वेगळे अर्थ. जसाच्या तसा टाकला की हा हिशोब प्रत्येक घरावर सोडला जातो, आणि तो कुणी करत नाही. आपली नेमकी वेळ माहीत नसेल तर वॉचमनला किंवा पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारा, तो मिनिटासकट सांगेल.

आता टाकीकडे. ४० फ्लॅट, घरटी ४ माणसं, म्हणजे १६० जण. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण धरलं तर रोजचे २१,६०० लिटर. खालची टाकी २५ हजार आणि गच्चीवरची १० हजार लिटरची असेल तर दोन्ही काठोकाठ भरून ३५ हजार. दोन दिवसांना लागणार ४३ हजारांच्या वर. साधारण एक पंचमांश कमी पडतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण वेळा लावून पाणी सोडावं लागेल एवढं नक्की.

आणि इथेच फॉरवर्डमधली सगळ्यात घातक ओळ येते: ‘आजच भरपूर पाणी भरून ठेवा’. ज्या चाळीत प्रत्येकाचा नळ वेगळा, तिथे हा सल्ला ठीक. सोसायटीत सगळ्यांचं पाणी एकाच टाकीतून येतं. चाळीस घरांनी एकदम पिंप, बादल्या, टब भरले की गच्चीवरची टाकी तासाभरात तळाला जाते, पंप लागतो, खालची टाकीही उतरते. जे सकाळी लवकर ऑफिसला गेले त्यांच्या नळाला काहीच नाही. बिल्डिंगमध्ये पाणी एक लिटरनेही वाढलेलं नसतं, फक्त टाकीतून काही घरांच्या पिंपात गेलेलं असतं. आणि गुरुवारी ताजं पाणी आलं की त्यातलं बरंचसं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतलं जातं. ही ओळ मी मुद्दाम गाळतो आणि तिच्या जागी आकडा देतो: पिण्याचं पाणी आणि दोन बादल्या.

सोमवारी संध्याकाळी, लोक घरी आल्यावर, जाणारी सूचना अशी:

```
*बुधवार ५ मार्च: पहाटे पाणी येणार नाही*
मंगळवार ४ ला नेहमीसारखे येईल. त्यानंतरचे
पाणी गुरुवार ६ ला पहाटे, कमी दाबाने.
टाकीचे पाणी मंगळ. व बुध. फक्त या वेळेत:
सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ६ ते १०
घरटी पिण्याचे पाणी व २ बादल्या भरा, जास्त नको.
गाड्या व जिने धुणे गुरुवारपर्यंत बंद.
अडचण असल्यास: सेक्रेटरी
(सोमवार ३ मार्च, कमिटी)
```

पहिली ओळ ठळक आहे, तिच्या दोन्ही बाजूंना तारका टाकल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर ती तशी दिसते. मोबाइल लॉक असताना पडद्यावर साधारण तेवढंच दिसतं, म्हणून ‘महत्त्वाची सूचना’ हे शब्द तिथे नकोत. ते जागा खातात आणि सांगत काहीच नाहीत. प्रत्येक ठिकाणी वार आणि तारीख दोन्ही, ‘उद्या’ कुठेही नाही. शेवटी आपली तारीख आणि कमिटी असं लिहिलं की हाच मेसेज पुढच्या वर्षी फिरला तरी ओळखू येतो. जलवाहिनी किती व्यासाची, कोणत्या जंक्शनला जोडतायत, हे सगळं गेलं, कारण त्यावर घरात कुणाला काही करायचं नाही.

आता तुमची उकळण्याची ओळ. ती वरच्या सूचनेत नाही, आणि तरीही मी तुमच्याशी सहमत आहे. पाणी उकळायला सांगतात, कारण बंद काळात वाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत शिरू शकतं. शिवाय रिकामी वाहिनी पुन्हा भरताना तळाचा गाळ हलतो. मंगळवारी टाकीत असलेलं पाणी त्याच्या आधीचं आहे. धोका सुरू होतो गुरुवारी पहाटे. सोमवारी सांगितलं तर लोक मंगळवार-बुधवार इमानेइतबारे उकळतील आणि नेमकं गुरुवारी कंटाळून सोडून देतील. म्हणून ती स्वतंत्र सूचना, गुरुवारी सकाळी ६ ला, पाणी आल्याची खात्री करून:

```
*आजपासून पाणी उकळून, गाळून प्या*
गुरुवार ६ ते सोमवार १० मार्च.
पाणी आले आहे. टाकीच्या वेळा आजपासून बंद,
नळ नेहमीसारखे.
(गुरुवार ६ मार्च, कमिटी)
```

‘४ ते ५ दिवस’चं ‘१० मार्चपर्यंत’ केलं, कारण पाच दिवस कुठून मोजायचे यावर प्रत्येक घरात वेगळं उत्तर निघतं. वॉचमनसाठीची गोष्ट ग्रुपवर नको, त्याला तोंडी सांगा: गुरुवारी पहिलं पाणी बादलीत घेऊन बघायचं, गढूळ असेल तर स्वच्छ होईपर्यंत खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही.

अधिकाराचा मुद्दा राहिला. त्यावर साधा उपाय आहे: आपल्या सूचनेखाली महापालिकेच्या मूळ पत्रकाची प्रत जोडा. फॉरवर्ड नव्हे, पत्रक. ज्याला सगळं वाचायचं त्याला सगळं मिळालं, आणि कमिटीने काय गाळलं तेही उघड राहिलं. सूचनेत चूक सापडली तर पंधरा मिनिटांच्या आत ती दुरुस्त करता येते. त्यानंतर मेसेज उडवून नवा टाकू नका, अर्ध्या लोकांनी जुना वाचलेला असतो. ‘सुधारित’ असं लिहून फक्त बदललेली ओळ द्या: ‘संध्याकाळची वेळ ६ ऐवजी ७ पासून’.

तुमच्या ज्येष्ठ नागरिकांपैकी बरेच जण ग्रुपवर नसतील, असले तरी उघडत नसतील. त्यांच्यासाठी हीच सूचना मोठ्या अक्षरांत लिफ्टच्या दाराशेजारी लावा, आणि गुरुवारी सकाळी ती काढून उकळण्याची लावा. जुना कागद नव्याच्या शेजारी राहू देऊ नका. शुक्रवारीही कुणीतरी सकाळी १० ला नळ बंद होईल म्हणून बादल्या भरत बसेल.