बदल करून दिलेल्या फोटोत पाय तरंगत असल्याच्या तक्रारीस उत्तर

“पूर्ण उंचीच्या फोटोत फक्त चपला बदलायच्या होत्या. सावली आणि उभं राहणं तसंच ठेवा, असं स्पष्ट सांगितलं होतं. आठवडा लावला आणि पाय हवेत तरंगताहेत!”

आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून दिलगीर आहोत. उजव्या टाचेखाली सावलीचा गडद ठिपका हवा होता. तो न घालता आम्ही फोटो पाठवला, ही चूक आमचीच.

मात्र “फक्त चपला” या शब्दांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूळ फोटोत आपण सपाट तळाच्या चपला घालून, थोड्या तिरक्या उभ्या आहात. तशाच सपाट चपला बसवलेला पहिला फोटो आम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवला होता आणि त्यात जुनी सावली जशीच्या तशी जुळली होती. त्यानंतर आपण तीन इंच टाचेच्या सँडलची मागणी केलीत. या फोटोत एक इंच म्हणजे सुमारे 40 पिक्सेल. टाच तीन इंच उचलली की घोटाही बराच वर जायला हवा. तो जागेवर ठेवला, तर सँडलचा पुढचा भाग जमिनीत रुतलेला दिसतो. म्हणून संपूर्ण आकृती वर सरकवावी लागली. गुडघे आणि कंबर मात्र सपाट चपलेवर उभ्या असलेल्या व्यक्तीचीच राहिली, कारण उभे राहणे बदलायचे नव्हते.

खरी अडचण सावलीची होती. सपाट तळाखाली सावलीची एक सलग गडद रेघ असते. उंच टाचेत पाऊल तिरके उभे राहते, त्यामुळे जमिनीवर त्याची लांबी कमी होते, मधल्या कमानीखालून उजेड आरपार जातो आणि रेघ तुटून दोन ठिकाणी उरते: चवड्याखाली एक पट्टा आणि टाचेच्या टोकाखाली एक बारीक ठिपका. आपण फोटो मोठा करून पाहिलात, तर टाचेच्या मागे सावलीची एक पट्टी कोणत्याही वस्तूविना पडलेली दिसेल. ती जुन्या चपलेची आहे. पाय तरंगल्याचा भास तिच्यामुळेही होतो, आणि आपल्या सूचनेचा मान राखूनच आम्ही तिला हात लावला नाही. सूचना पाळल्याचा ठपका आमच्यावरच यावा, याचे वाईट वाटले, हे लपवत नाही.

मान्य, हे सगळे काम हाती घेण्यापूर्वीच सांगायला हवे होते. यापुढे तशी काळजी घेऊ. आपली परवानगी असेल, तर कमानीखालची आणि टाचेमागची सावली पुसून तिथे मोकळी जमीन भरू, टोकाखालचा ठिपका नव्याने रंगवू आणि दूरवर पसरलेली फिकट सावली तशीच ठेवू. सावलीला मुळीच हात लावायचा नसेल, तर पहिला, सपाट चपलांचा फोटो अजून आमच्याकडे आहे.