‘५ पैकी ४ वेळा हरवलंय, रविवारी पण आपणच!’

ठाण्यातल्या आमच्या कबड्डी ग्रुपवर रविवारच्या प्रतिस्पर्धी संघाबद्दल कालपासून फिरणारा हा मेसेज. आकडा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत असं धरा, म्हणजे प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा. ५ सामन्यांचे ३२ प्रकारे निकाल लागू शकतात, आणि त्यातल्या १२ प्रकारांत कुणीतरी एक संघ ४-१ किंवा ५-० ने पुढे असतो. म्हणजे शंभरात साधारण ३७ वेळा, नुसत्या योगायोगाने! शिवाय हे सामने तीन वर्षांत पसरलेले. तेव्हाच्या सातांपैकी आज आपल्याकडे दोघेच उरलेत (मुख्य रेडर तर नोकरीसाठी पुण्याला गेला).

त्याउलट एलो रेटिंग, म्हणजे संघाची ताकद दाखवणारा आकडा, सगळ्या संघांविरुद्धचे सामने मोजतं आणि प्रत्येक निकालानंतर बदलतं. मी वहीत दोन मोसमांचे साठेक सामने मांडले: रविवारचे प्रतिस्पर्धी १६००, आपण १५००. १०० गुणांच्या फरकाला त्यांची जिंकण्याची शक्यता ६४ टक्के येते.

एखाद्याची खेळण्याची पद्धत आपल्याला सोयीची असू शकते, नाही असं नाही. पण ते ५ सामन्यांत दिसत नाही. मी फार तर ६४ चे ६२ करीन.